दूध संस्थेच्या मासिक सभेसाठी चार आकड्यांची एक स्लाइड कशी तयार करावी

गावातील दूध संकलन संस्थेच्या मासिक सभेत सचिव सहसा तीन-चार पानी तक्ता वाचून दाखवतात आणि तो वाचून संपेपर्यंत सुरुवातीचे आकडे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. त्याऐवजी चार मोठे आकडे, प्रत्येकाशेजारी एक बाण आणि स्थिती सांगणारा एक रंग, एवढेच दाखवणारी स्लाइड पडद्यावर असेल, तर चर्चा थेट महत्त्वाच्या मुद्द्यावर सुरू होते. मात्र अशी स्लाइड चुकीची बनली, तर ती तक्त्यापेक्षा अधिक दिशाभूल करते, कारण रंग आणि बाण पाहणाऱ्याच्या मनात आकड्याच्या आधी पोहोचतात. म्हणून पॉवरपॉइंट उघडण्यापूर्वीचे काम येथे अधिक विस्ताराने सांगितले आहे.

उदाहरणासाठी मे महिन्याची सभा घेऊ. पुढील सर्व आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत.

आधी चार निर्देशक निवडावेत

ज्या आकड्यावरून संचालक मंडळ त्याच सभेत काही निर्णय घेऊ शकते, तोच आकडा स्लाइडवर यावा. आपल्या संस्थेसाठी रोजचे सरासरी संकलन, गाईच्या दुधाचा सरासरी फॅट, नाकारलेल्या दुधाचे प्रमाण आणि सभासदांकडील पशुखाद्याची उधारी हे चार निर्देशक घेऊ. एकूण सभासदसंख्या महिन्यागणिक फारशी बदलत नाही, त्यामुळे ती वार्षिक अहवालात शोभते. येथे ती केवळ जागा अडवते.

निवड करतानाच प्रत्येक निर्देशकासमोर दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: तो वाढलेला चांगला की कमी झालेला चांगला, आणि तो महिनाभराची सरासरी आहे की अखेरच्या दिवसाची शिल्लक. संकलन, फॅट आणि नाकारलेले दूध यांचे आकडे महिनाभराचे आहेत, तर उधारी ही ३१ मे रोजीची शिल्लक आहे. हा फरक चौकटीत लहान अक्षरांत स्पष्ट लिहिला नाही, तर कोणीतरी त्या उधारीला महिनाभरात दिलेले खाद्य समजून बसतो.

बाण कशाशी तुलना करतो

सर्वांत जास्त चुका येथे होतात. समजा मे महिन्यात रोजचे सरासरी संकलन २,१८० लिटर झाले, एप्रिलमध्ये ते २,३९० होते आणि गेल्या वर्षीच्या मे महिन्यात २,०४०. एप्रिलशी तुलना केली तर बाण खाली जातो आणि घट ८.८ टक्के दिसते; गतवर्षीच्या मेशी तुलना केली तर बाण वर जातो आणि वाढ ६.९ टक्के दिसते. दोन्ही गणिते बरोबर आहेत, पण उन्हाळ्यात हिरवा चारा आटतो, जनावरांवर उष्णतेचा ताण येतो आणि दूध कमी होते, हे प्रत्येक दूध उत्पादकाला माहीत असते. त्यामुळे एप्रिलशी केलेली तुलना संस्थेच्या कामाबद्दल काही न सांगता केवळ ऋतूबद्दल सांगते. मी पाहिलेल्या एका सभेत अशाच खाली गेलेल्या बाणावरून संकलन करणाऱ्या कर्मचाऱ्यांना बराच वेळ जाब विचारला गेला, आणि गतवर्षीचा आकडा समोर आल्यावर तो विषय सोडून द्यावा लागला. ऋतूप्रमाणे हलणाऱ्या निर्देशकाची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी आणि एका स्लाइडवरील सर्व बाणांना एकच आधार ठेवावा.

बाण केव्हा आडवा ठेवायचा, हेही आधीच ठरवावे. दोन टक्क्यांच्या आतला फरक हा बहुधा मोजमापातला आणि रोजच्या चढउतारातला असतो, म्हणून तेवढ्या फरकाला ‘स्थिर’ मानणे योग्य. फॅट गेल्या वर्षीही ३.८ होता आणि यंदाही ३.८ असेल, तर तेथे आडवी रेघच हवी.

रंग कशावरून ठरतो

बाण गेल्या वर्षाशी तुलना करतो, तर रंगाने मंडळाने ठरवलेल्या लक्ष्याशी तुलना करावी. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे नेहमी एका दिशेची नसतात. वरच्या उदाहरणात संकलनाचा बाण वर आहे, परंतु मंडळाने मे महिन्यासाठी २,२०० लिटरचे लक्ष्य आणि २,००० लिटरची धोक्याची मर्यादा ठरवली असेल, तर २,१८० हा आकडा पिवळ्या रंगातच बसतो. गतवर्षीपेक्षा बरे, तरी अजून लक्ष्यापर्यंत पोहोचलेले नाही, ही गोष्ट बाण आणि रंग मिळून एका नजरेत सांगतात.

नाकारलेल्या दुधाचे प्रमाण गेल्या वर्षी ०.९ टक्के होते आणि यंदा ०.६ टक्के आहे. येथे बाण खाली जातो, पण आकडा मंडळाच्या लक्ष्याच्या आत असेल तर स्थिती हिरवी, कारण हे प्रमाण कमी झालेलेच चांगले. हा बदल ‘३३ टक्के घट’ असा लिहू नये. गणित चुकीचे नसले तरी रोजच्या सुमारे २,१८० लिटरमध्ये तो जेमतेम साडेसहा लिटरचा फरक आहे. मुळात टक्केवारीत असलेल्या निर्देशकाचा बदल ‘०.३ टक्के-बिंदूंनी कमी’ असाच द्यावा. याउलट पशुखाद्याची उधारी ३.९० लाखांवरून ४.८६ लाखांवर गेली आहे. समजा, मंडळाच्या मते ४ लाखांपर्यंतची उधारी ठीक आहे आणि ४.५० लाख ही कमाल मर्यादा आहे. मग बाण वर आणि रंग लाल.

यावरून एक नियम निघतो, आणि तो मी कधीच मोडत नाही: बाणाला रंग देऊ नये. बाण करड्या रंगाचा ठेवावा आणि स्थितीचा रंग चौकटीच्या डाव्या कडेच्या पट्टीला द्यावा. एक्सेलमधील रंगीत बाणांचे तयार चिन्हसंच वरच्या बाणाला हिरवा आणि खालच्याला लाल रंग देतात. शिवाय मर्यादा बदलल्या नाहीत, तर ते निवडलेल्या आकड्यांची आपसांतच तुलना करतात. तुमच्या लक्ष्याचा त्यांना पत्ताही नसतो.

बाण आणि स्थिती सूत्राने काढावी

कोणता रंग द्यायचा हा निर्णय स्लाइड बनवताना हाताने घेऊ नये, कारण सभेच्या आदल्या रात्री लालऐवजी पिवळा देण्याचा मोह होतो. एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत शीर्षके आणि दुसऱ्या ते पाचव्या ओळीत चार निर्देशक घ्यावेत. A स्तंभात निर्देशकाचे नाव, B मध्ये यंदाचा आकडा, C मध्ये गतवर्षीचा, D मध्ये लक्ष्य आणि E मध्ये धोक्याची मर्यादा भरावी. बाणासाठी F2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढावे:

```
=IF(ABS(B2/C2-1)<0.02,"▬",IF(B2>C2,"▲","▼"))
```

स्थितीसाठी G स्तंभात दोन प्रकारची सूत्रे लागतात. पहिले वाढलेले चांगले अशा संकलन आणि फॅट या ओळींसाठी, दुसरे कमी झालेले चांगले अशा नाकारलेले दूध आणि उधारी या ओळींसाठी:

```
=IF(B2>=D2,"ठीक",IF(B2>=E2,"लक्ष द्या","कृती हवी"))
=IF(B4<=D4,"ठीक",IF(B4<=E4,"लक्ष द्या","कृती हवी"))
```

पहिले सूत्र चारही ओळींना ओढून लावणे ही नेहमीची चूक आहे. ती ओळखायची असेल, तर उधारीच्या ओळीत B मध्ये मुद्दाम शून्य टाकून पाहावे. उत्तर ‘ठीक’ आले नाही, तर सूत्र उलटे लागले आहे.

स्लाइडची मांडणी

आता पॉवरपॉइंटकडे वळू. रुंद स्लाइड ३३.८७ सेंटीमीटर रुंद आणि १९.०५ सेंटीमीटर उंच असते. दोन्ही बाजूंना दीड सेंटीमीटर समास आणि मध्ये ०.८७ सेंटीमीटर अंतर सोडले, की १५ सेंटीमीटर रुंदीच्या दोन चौकटी नेमक्या बसतात. उंची प्रत्येकी साडेसहा सेंटीमीटर ठेवून अशा दोन ओळी कराव्यात. वर शीर्षकाला आणि खाली एका टिपेला जागा उरते.

चारही चौकटी वेगवेगळ्या काढत बसू नये. `Insert` मधील `Shapes` वापरून एकच चौकट पूर्ण करावी. फिकट करडी पार्श्वभूमी, डाव्या कडेला अर्धा सेंटीमीटर रुंदीची पट्टी, वर १८ पॉइंटमध्ये निर्देशकाचे नाव, मध्ये ६६ पॉइंटमध्ये ठळक आकडा, त्याच्या उजवीकडे त्रिकोणी बाण, आणि खाली १६ पॉइंटमध्ये तुलनेची ओळ व स्थितीचा शब्द, एवढे तिच्यात असावे. एकक मोठ्या आकड्याशेजारीच, पण २४ पॉइंटमध्ये द्यावे, म्हणजे ‘२,१८०’ डोळ्यांत भरते आणि ‘लिटर’ वाचायला राहते. हे सारे निवडून `Ctrl+G` ने एकत्र करावे, `Ctrl+D` ने तीन प्रती काढाव्यात आणि `Align` मधील पर्यायांनी त्या रांगेत आणाव्यात. रक्कम ‘४,८६,०००’ अशी न लिहिता ‘४.८६ लाख’ लिहावी, कारण मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला सहा अंक मोजायला लावू नयेत.

मराठी मजकूर युनिकोड फॉन्टमध्येच टाइप करावा. विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल चालतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बनवलेली स्लाइड तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. आकडे देवनागरीत की इंग्रजी अंकांत, हे एकदा ठरवून सर्व चौकटींत तेच पाळावे.

पट्टीसाठी हिरवा `#2E7D32`, पिवळा `#F9A825` आणि लाल `#C62828` हे रंग पडद्यावर स्वच्छ उठून दिसतात. परंतु त्यांची काळी-पांढरी झेरॉक्स काढली, तर हा हिरवा आणि हा लाल जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरतात. ज्यांना लाल-हिरव्यातला भेद नीट दिसत नाही, अशा संचालकांचीही हीच अडचण होते. म्हणूनच ‘ठीक’, ‘लक्ष द्या’, ‘कृती हवी’ हे शब्द प्रत्येक चौकटीत असलेच पाहिजेत. `View` मधील `Grayscale` निवडून रंगाशिवाय स्थिती कळते का, हे तपासावे आणि पडताळून झाल्यावर पुन्हा रंगीत दृश्यावर यावे.

शीर्षकात ‘मासिक आढावा’ असे लिहिण्याऐवजी स्लाइडवर जे दिसते तेच वाक्यात मांडावे: ‘मे: संकलन गतवर्षीपेक्षा जास्त, पशुखाद्याची उधारी मर्यादेबाहेर’. तळाच्या टिपेत ‘बाण गतवर्षीच्या मे महिन्याच्या तुलनेत, रंग मंडळाने ठरवलेल्या लक्ष्यानुसार’ हे वाक्य कायम ठेवावे.

पुढच्या महिन्यासाठी

जूनची स्लाइड बनवताना मेच्या स्लाइडची प्रत काढली जाते, आणि तेथेच जुना रंग नव्या आकड्याशेजारी राहून जातो. प्रत काढल्याबरोबर चारही आकडे पुसून त्यांच्या जागी आडवी रेघ टाकावी, सर्व पट्ट्या करड्या कराव्यात, बाण व स्थितीचे शब्द काढून टाकावेत आणि मगच एक्सेलमधील ओळी पाहून एकेक चौकट भरावी. एखादी चौकट भरायची राहिली, तर ती करडीच दिसेल आणि सभेपूर्वी नजरेत येईल.