हत्तीच्या ठशावरून उंची: आधी गिरणेच्या गाळात चुकलो

वाइल्डलाइफच्या फिल्डवर्कला नवीन जाणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतात की हत्तीच्या पुढच्या पायाच्या ठशाचा घेर घ्या, दोनने गुणा, झाली खांद्यापर्यंतची उंची. आशियाई हत्तीला हे बऱ्यापैकी लागू पडतं, गुणाकार तर पाचवीतलं पोरगंही करेल, पण ठसा कोणता घ्यायचा आणि दोरी कुठून फिरवायची इथेच सगळी गंमत आहे, आणि ते मला कळलं आमच्या खानदेशात, जिथे जंगली हत्ती नाहीच.

एमएस्सीला होतो तेव्हाची गोष्ट. भडगावकडे मामाच्या गावी गेलो होतो आणि गिरणेच्या काठी साधूंचा मुक्काम पडलेला, सोबत एक हत्तीण. सकाळी ती पाण्यावर जाऊन आली, मागे गाळात मस्त ठसे. मी लगेच सुतळी घेऊन उतरलो, एका ठशाच्या काठाकाठाने फिरवली, टेपवर मोजली तर १३४ सेंटिमीटर. दुप्पट २६८, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ फूट. मी खूश, पण समोर उभी असलेली हत्तीण तेवढी वाटेना. मादी साधारण सात-आठ फुटांच्या आसपास असते, पावणेनऊ फूट म्हटलं की मोठा नर डोळ्यासमोर येतो.

मामा काठावर बिडी ओढत बघत होता. म्हणे, "हाऊ दोन पायना ठसा शे भो. बैलनाबी मांगला पाय पुढलाना जागावरच पडस ना!" आणि खरंच की. चालताना हत्तीचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी लगत पडतो, त्यामुळे दोन ठसे मिळून एक लांबुळका मोठा ठसा दिसतो आणि आपण तोच मोजून मोकळे होतो. पुढचा पाय जवळपास गोल असतो, मागचा अंडाकृती आणि अरुंद. आशियाई हत्तीला पुढे बहुतेक पाच नखं आणि मागे चार, ठसा चांगला उमटला असेल तर नखांच्या खुणा मोजून खात्री करता येते. सुटा पुढचा ठसा हवा असेल तर हत्ती जिथे वळला किंवा थांबून उभा राहिला तिथे शोधायचा, सरळ वाटेवर शोधत बसलात तर दिवस जाईल.

दुसरी चूक गाळाची. मऊ चिखलात पाय खोल जातो, निघताना कडा बाहेर ढकलतो, त्यामुळे वरचा काठ पसरट आणि खालचा तळ लहान. दोरी फिरवायची तळाच्या कडेने. उतारावर तर पाय घसरतो आणि ठसा पुढे ओढल्यासारखा लांब होतो, तो सरळ सोडून द्यायचा. इथे लक्षात ठेवा, आपण दुप्पट करतोय म्हणजे चूकही दुप्पट होते, घेरात पाच सेंटिमीटर जास्त धरले की उंचीत दहा वाढले.

मग थोडं वर, ओलसर पण घट्ट मातीत, जिथे ती बांधलेली होती तिथे पुढच्या पायाचे तीन सुटे ठसे मिळाले. घेर ११३, ११५ आणि ११४. सरासरी ११४, दुप्पट २२८. एका ठशाचा व्यासही घेतला, ३६ सेंटिमीटर, त्याला ३.१४ ने गुणलं तर ११३, म्हणजे दोरी कुठे ढिली पडली नव्हती. (सुतळी ताणते हो, न ताणणारी दोरी किंवा शिंप्याची टेप बरी.)

आता पडताळणी. माहुताला विचारलं तर तो छाती फुगवून "नौ फूट" म्हणाला, तो डोक्यापर्यंत धरत असणार. आशियाई हत्तीचं डोकं आणि पाठीची कमान खांद्याच्या वर जाते, आपल्याला पाहिजे पुढच्या पायाच्या सरळ वर खांद्याचा माथा. माहुताने तिला सपाट जागी उभं केलं, मी पायाशेजारी उभा बांबू धरला, त्याने वरून खांद्यावर आडवी काठी टेकवली, खूण केली, मोजलं तर २३१. तीन सेंटिमीटरचा फरक! पण प्रत्येक हत्ती इतका गुणी नसतो, थोडंफार इकडेतिकडे होतंच, म्हणून मी नुसतं २२८ न लिहिता "अंदाजे सव्वादोन ते अडीच मीटरच्या मध्ये" असं लिहितो.

एक अजून, घेर ठशाचाच घ्यायचा, उचललेल्या पायाचा नाही. वजन पडलं की तळव्याची गादी पसरते आणि पाय उचलला की आकसते, त्यामुळेच तर एवढं धूड चिखलातून पाय सहज काढतं.

पुढे दोडामार्गकडे भातशेतात जंगली हत्तींचे ठसे मोजायला गेलो तेव्हा वहीत चार रकाने आखूनच नेले: पाय कोणता, जमीन कशी, दोरी तळातून की काठातून, वर दुसरा ठसा आहे का. पहिल्या दिवशी अकरा ठसे मोजले, संध्याकाळी त्यातले आठ खोडले.