x² + y² ≤ ५० : पूर्णांकांच्या जोड्या ओळीओळीने कशा मोजाव्यात

प्रश्न असा आहे: x आणि y दोन्ही पूर्णांक असतील, तर x² + y² ≤ ५० ही अट किती जोड्या पाळतात? ऋण संख्या चालतात, शून्य चालतं, आणि (१, ७) व (७, १) या दोन वेगळ्या जोड्या धरायच्या.

सगळ्या शक्यता एकेक करून पाहायच्या म्हटलं, तर दोन्ही संख्या −७ ते ७ मध्येच असणार, कारण ८ चा वर्ग ६४ म्हणजे आधीच ५० च्या वर. तरी १५ × १५ = २२५ जोड्या होतात. हातानं एवढ्या तपासताना कुठेतरी चूक ठरलेली. त्याऐवजी y ची एक किंमत धरायची आणि तेवढ्या ओळीतल्या जोड्या एकदम मोजायच्या. असं केलं की काम ८ ओळींत आटोपतं.

मर्यादा ५० घेण्याचं एक कारण आहे. दोन धन वर्गांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या: १ + ४९ आणि २५ + २५. त्यामुळे काही जोड्या बरोबर काठावर बसतात, आणि या मोजणीतल्या खऱ्या चुका काठावरच होतात.

पायरी १ : ओळी ठरवा

आलेख कागदावर y = ०, y = १, y = २ अशा आडव्या ओळी डोळ्यांसमोर आणा. y² हाच ५० च्या वर गेला तर त्या ओळीत काहीच उरत नाही. ७² = ४९ चालतो, ८² = ६४ चालत नाही. म्हणून y = −७ ते ७ एवढ्याच ओळी.

y = ३ आणि y = −३ या ओळी हुबेहूब सारख्या, कारण वर्ग केल्यावर चिन्ह राहतच नाही. तेव्हा ० ते ७ या आठच ओळी मोजायच्या. १ ते ७ यांची बेरीज शेवटी दुप्पट करायची. शून्याची ओळ मात्र एकटीच असते, तिला जोडीदार नाही. ती दुप्पट करायची नाही.

पायरी २ : ओळीत x साठी किती उरलं ते काढा

५० मधून y² वजा करा. y = ४ असेल तर ५० − १६ = ३४. म्हणजे या ओळीत x² जास्तीत जास्त ३४ असू शकतो.

पायरी ३ : ओळीचं टोक शोधा

ज्याचा वर्ग उरलेल्या संख्येत मावतो असा सर्वांत मोठा पूर्णांक म्हणजे त्या ओळीचं टोक. ३४ साठी ५² = २५ मावतो, ६² = ३६ मावत नाही, म्हणून टोक ५. वर्गमूळ दशांशात काढायची गरजच नाही. दोन वर्ग तपासले की पुरे: एक मावणारा आणि त्याच्या लगेच पुढचा न मावणारा. दोन्ही कागदावर लिहून ठेवले, तर नंतर चूक शोधणं फार सोपं जातं.

आणखी एक सोय आहे. y वाढत जातो तसं उरणारं कमी होत जातं, म्हणून टोक कधीच पुढे सरकत नाही. एक तर तिथेच थांबतं किंवा मागे येतं. पुढच्या ओळीत आधीच्या टोकापासून सुरुवात करा आणि वर्ग मावेपर्यंत एकेक घर मागे या.

पायरी ४ : टोकावरून जोड्या मोजा

टोक ५ असेल तर x = −५, −४, … ०, … ४, ५. उजवीकडे पाच, डावीकडे पाच आणि मधलं शून्य, मिळून ११. सूत्र सरळ आहे: टोकाची दुप्पट अधिक एक. तो ‘एक’ म्हणजे x = ०, आणि घाईत गळतो तो नेमका तोच.

आता सगळ्या ओळी एकत्र:

| y | ५० − y² | टोक | ओळीतल्या जोड्या |
|---|---|---|---|
| ० | ५० | ७ | १५ |
| १ | ४९ | ७ | १५ |
| २ | ४६ | ६ | १३ |
| ३ | ४१ | ६ | १३ |
| ४ | ३४ | ५ | ११ |
| ५ | २५ | ५ | ११ |
| ६ | १४ | ३ | ७ |
| ७ | १ | १ | ३ |

y = ५ वरून ६ वर जाताना टोक एकदम ५ वरून ३ वर आलं. मधलं ४ कुठे गेलं, अशी शंका इथे येते. पण उरले आहेत १४, आणि ४² = १६ त्यात मावत नाही. वर्तुळाच्या माथ्याजवळ ओळी भराभर आखूड होतात, त्यामुळे अशी उडी तिथे अपेक्षितच आहे.

पायरी ५ : बेरीज

१ ते ७ या ओळींची बेरीज: १५ + १३ + १३ + ११ + ११ + ७ + ३ = ७३. दुप्पट १४६. त्यात शून्याच्या ओळीचे १५ मिळवले की १६१. हे उत्तर.

उत्तर बरोबर आहे हे कशावरून?

पहिली चाचणी अगदी स्वस्त आहे. एकूण संख्येला ४ नं भागा, बाकी १ च यायला हवी. कारण (०, ०) सोडून कोणताही बिंदू घेतला आणि तो मूळबिंदूभोवती काटकोनात फिरवत गेलं, तर चार वेगवेगळे बिंदू मिळतात, आणि अट चौघांनाही सारखीच लागू पडते. १६१ = ४ × ४० + १, म्हणजे ठीक. शून्याची ओळ चुकून दुप्पट केली असती तर १७६ आले असते, बाकी ०. सगळ्या ओळींत x = ० विसरला असता तर १४६, बाकी २. दोन्ही चुका लगेच पकडल्या जातात.

दुसरी चाचणी टोकांच्या रांगेची. आपली टोकं क्रमानं ७, ७, ६, ६, ५, ५, ३, १. x आणि y ची अदलाबदल केली तरी अट तीच राहते, म्हणून ओळींऐवजी उभे स्तंभ मोजले तरी हीच रांग यायला हवी. उदाहरणार्थ, ज्या ओळींचं टोक निदान ६ आहे अशा ओळी किती? y = ०, १, २, ३ या चार. म्हणजे x = ६ च्या स्तंभात y ० पासून ३ पर्यंत जातो, त्या स्तंभाचं टोक ३. आणि तक्त्यात y = ६ चं टोकही ३ च आहे. जुळलं. बाकीची टोकंही अशीच पडताळता येतात.

तिसरी चाचणी बहुतेकांना आधी सुचते: क्षेत्रफळ. x² + y² ≤ ५० म्हणजे √५० त्रिज्येचं वर्तुळ, त्याचं क्षेत्रफळ π × ५० म्हणजे सुमारे १५७. प्रत्येक बिंदूला एक चौरस एकक जागा धरली तर जोड्याही जवळपास तेवढ्याच हव्यात. १६१ जवळ आहेच. पण या चाचणीवर माझा भरवसा कमी, आणि ५० च्या बाबतीत तर ती चक्क दिशाभूल करते.

y = ५ च्या ओळीत उरतात बरोबर २५. समजा तुम्ही मनात ‘वर्ग २५ पेक्षा कमी हवा’ असं धरलं आणि टोक ४ लिहिलं. (५, ५), (५, −५), (−५, ५), (−५, −५) हे चार बिंदू गळतात आणि उत्तर येतं १५७. क्षेत्रफळाशी तंतोतंत जुळतं! चारनं भागलं तर बाकी १. टोकांची रांग ७, ७, ६, ६, ५, ४, ३, १ होते, आणि अदलाबदलीची चाचणीही ती पास करते, कारण गळलेले बिंदू x = y आणि x = −y या कर्णांवरच आहेत. तिन्ही चाचण्या हिरवा कंदील दाखवतात, आणि उत्तर मात्र चूक. हीच चूक y = १ च्या ओळीत केली, म्हणजे ४९ असताना टोक ६ लिहिलं, तरी १५७ च येतात. ती निदान टोकांच्या रांगेत पकडली जाते: टोक ७ असलेली एकच ओळ उरते, म्हणजे y = ७ चं टोक ० हवं, आणि तक्त्यात आहे १.

म्हणून काठ वेगळा तपासायचा. x² + y² = ५० असे बिंदू कोणते? १ + ४९ वरून (±१, ±७) आणि (±७, ±१) हे आठ, २५ + २५ वरून (±५, ±५) हे चार. एकूण १२. आता ५० ऐवजी ४९ मर्यादा घेऊन तीच मोजणी पुन्हा करा. टोकं येतात ७, ६, ६, ६, ५, ४, ३, ०, आणि एकूण १४९. १४९ + १२ = १६१. इथे चुकायला जागा फारशी उरत नाही. प्रश्नात ≤ ऐवजी < असेल तर उत्तर हेच १४९. तेव्हा चिन्ह नीट वाचा, नुसत्या एका आडव्या रेघेनं १२ जोड्यांचा फरक पडतो.

मर्यादा मोठी असेल तर हेच काम पायथनला सांगा:

```python
from math import isqrt

n = 50
total = 0
for y in range(-isqrt(n), isqrt(n) + 1):
    total += 2 * isqrt(n - y*y) + 1
print(total)
```

उत्तर 161 छापलं जातं. `range` मधला शेवटचा `+ 1` विसरला तर y = ७ ची ओळ सुटते आणि 158 येतात, चारनं भागल्यावर बाकी २. `isqrt` पूर्णांकातच वर्गमूळ काढतं. `int(sqrt(...))` लहान संख्यांना चालतं, पण सोळा-सतरा अंकी संख्यांत दशांशाची अचूकता संपते आणि टोक एकानं पुढे जाऊ शकतं.

प्रश्नात ‘धन पूर्णांक’ म्हटलं असेल तर तक्ता पुन्हा करायची गरज नाही. y = ० ची ओळ सोडा आणि उरलेली टोकंच मिळवा: ७ + ६ + ६ + ५ + ५ + ३ + १ = ३३. त्यातही क्रम महत्त्वाचा नसेल, म्हणजे (१, ७) आणि (७, १) एकच धरायच्या असतील, तर ३३ चं थेट अर्धं करता येत नाही. (१, १) पासून (५, ५) पर्यंतच्या पाच जोड्यांना आरशातला जोडीदार नाही. त्या बाजूला काढल्या की २८ उरतात, त्यांचे १४, आणि ते पाच मिळवून १९.