दहा सेकंद बरोबर दहा सेकंद नसतात: टीडब्ल्यूटी शिकताना

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे गोदामातल्या तापमान-सेन्सरांचं फर्मवेअर आलं. बॅटरीवर चालणारे ३६ सेन्सर, वाय-फाय ६चा एक ॲक्सेस पॉइंट आणि दर दहा सेकंदांनी एक छोटंसं रीडिंग. टेबलावरच्या दहा मिनिटांच्या चाचणीत सगळं सुरळीत होतं. गोदामात मात्र सेन्सर साधारण वीस मिनिटं नीट बोलायचे आणि मग गप्प व्हायचे. कुणी अठराव्या मिनिटाला, कुणी पंचविसाव्या. वॉचडॉगने पुन्हा जोडणी केली की परत तेवढाच वेळ ठीक.

कारण कळायला आधी रचना समजून घ्यावी लागते. जुन्या पद्धतीत प्रत्येक उपकरण हवा मोकळी आहे का ते ऐकतं, थांबतं, पाठवतं, टक्कर झाली तर पुन्हा थांबतं. गर्दीत बॅटरी पाठवण्यापेक्षा या ताटकळण्यातच जास्त जाते. टीडब्ल्यूटी, म्हणजे टार्गेट वेक टाइम, हा त्यावरचा करार आहे: कधी उठायचं, किती वेळाने पुन्हा उठायचं आणि किमान किती वेळ जागं राहायचं. उठल्यावर बोलायची पाळी ओएफडीएमए देतं. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलचे २६-२६ सबकॅरिअरचे नऊ तुकडे होतात. ॲक्सेस पॉइंट ट्रिगर फ्रेम पाठवून कुणाला कोणता तुकडा ते सांगतो आणि १६ मायक्रोसेकंदांनी नऊही सेन्सर एकदम बोलतात. उलट दिशेने ॲक्सेस पॉइंटच नऊ जणांचा डेटा एका फ्रेममध्ये भरून पाठवू शकतो. यात वेग वाढतो असं मला सुरुवातीला वाटायचं. तसं नाही. एवढ्या लहान तुकड्यात सर्वात सावकाश दर सेकंदाला ०.९ मेगाबिटच्या आसपास असतो. फायदा आहे तो झटापट टळण्याचा. आम्ही ३६ सेन्सरांचे नऊ-नऊचे चार गट करून प्रत्येक गटाला वेगळी खिडकी दिली होती.

आता चूक. टीडब्ल्यूटीच्या करारात मध्यंतर सेकंदांत लिहीत नाहीत. एक १६ बिटांची संख्या आणि दोनचा घात यांच्या गुणाकारातून ते मायक्रोसेकंदांत मिळतं. दहा सेकंद बसवून पाहा:

```
10,000,000 = 78125 × 2^7   (78125 > 65535)
 9,999,872 = 39062 × 2^8
```

७८१२५ ही संख्या १६ बिटांत मावत नाही, त्यामुळे नेमके दहा सेकंद या करारात लिहिताच येत नाहीत. आमच्या कोडने दुसऱ्या ओळीतली जोडी पाठवली आणि ॲक्सेस पॉइंट इमानदारीने ९९,९९,८७२ मायक्रोसेकंद मोजत राहिला. झोपेचा टायमर मात्र मी सरळ दहा सेकंदांचा लावला होता. दर फेरीला आम्ही १२८ मायक्रोसेकंद उशिरा उठत होतो. खिडकी २५६ मायक्रोसेकंदांच्या ६४ एककांची, म्हणजे १६,३८४ मायक्रोसेकंद. भागाकार केला तर १२८ फेऱ्या येतात: एकवीस मिनिटं वीस सेकंद. त्यानंतर सेन्सर उठायचा तेव्हा खिडकी बंद झालेली असायची आणि ट्रिगर आल्याशिवाय पाठवायचं नाही असं आम्हीच ठरवलेलं. अठरा ते पंचवीस मिनिटांचा फरक क्रिस्टलचा: घड्याळ दोन पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दोन भाग, इकडेतिकडे असलं तरी फेरीला २० मायक्रोसेकंद कमी-जास्त होतात.

दुरुस्ती अशी केली की पुढची जाग ॲक्सेस पॉइंट ठरावीक वेळाने पाठवतो त्या बीकनमधल्या टीएसएफ घड्याळावरून काढायची, तीही आपण मागितलेल्या आकड्यांनी नाही तर ॲक्सेस पॉइंटने उत्तरात दिलेल्या आकड्यांनी, कारण तो वेगळे आकडे सुचवू शकतो. आणि हिशेब बरोबर असला तरी अधूनमधून बीकन ऐकावाच लागतो. २० पीपीएमचं क्रिस्टल दहा मिनिटांच्या झोपेत १२ मिलिसेकंद सरकतं, आमची जवळजवळ पाऊण खिडकी. लांब झोप घ्यायची तर त्या अंदाजाने आधी उठायला हवं.

नव्याने या कामात येणाऱ्याने कॅप्चरमध्ये आधी ट्रिगर शोधावेत. वायरशार्कमध्ये फिल्टर असा:

```
wlan.fc.type_subtype == 0x0012
```

करार झाला आहे पण ट्रिगरच दिसत नाहीत, तर बहुधा ॲक्सेस पॉइंटवर अपलिंक ओएफडीएमए बंद आहे. मग सगळे एकाच खिडकीत उठून एकमेकांशी झगडतात, आणि टीडब्ल्यूटी नसताना होती त्याहून वाईट अवस्था होते. ट्रिगर वेळेवर येत असतील तर पुढची पायरी जरा फसवी आहे. सेन्सरांची एकत्र उत्तरं साध्या स्निफरला वाचता येत नाहीत, आणि मी दोन दिवस "कुणीच बोलत नाही" असं समजत बसले होते. त्यामागून ॲक्सेस पॉइंट जी सामायिक ब्लॉक ॲक, म्हणजे पोचपावती, पाठवतो ती उघडायची. ट्रिगरमध्ये ज्याचा एआयडी, म्हणजे जोडणीचा क्रमांक, आहे पण या पावतीत नाही, तो सेन्सर त्या क्षणी बोलला नाही. आमच्या कॅप्चरमध्ये एकविसाव्या मिनिटाच्या सुमारास पावतीतले क्रमांक एकेक करून गळताना दिसले, तेव्हा मी वही काढून तो भागाकार केला.