परिणामावर भाव लावताय? मग आधी या चुका टाळा

"तासाचे पैसे घेऊ नका, व्हॅल्यूचे घ्या" हे कुठेतरी ऐकून आलेला, जाहिराती-डिझाइनची कामं स्वतंत्रपणे घेणारा एक तरी पोरगा महिन्याकाठी मला नागपूरच्या धरमपेठेत चहाला भेटतो. तक्रार ठरलेली असते, "दादा, कोटेशन पाठवलं अन् क्लायंट फोनच उचलून नाही राहिला." मग मी ते कोटेशन बघतो. काल 25 हजारांत केलेलं काम आज 90 हजारांना लावलेलं असतं, आणि मधल्या 65 हजारांचा खुलासा म्हणून 'ब्रँडची वाढ' एवढे दोन शब्द.

परिणामावर भाव लावायचा म्हणजे क्लायंटच्या गल्ल्यात किती जादा पैसे पडतील ते त्याच्यासोबत बसून मोजायचं आणि त्यातला एक वाटा आपली फी म्हणून काम सुरू होण्याआधीच ठरवायचा. बस, एवढंच. पण मोजायला बसायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, आणि पुढच्या बहुतेक चुका त्या कंटाळ्यातूनच येतात.

विक्री मोजली, नफा मोजला नाही

ही चूक मी स्वतः केली आहे, तीही गांधीबागेत, कापडाच्या एका ठोक व्यापाऱ्यापुढे. त्याच्याकडे ड्रेस मटेरियल होतं आणि गिऱ्हाईक म्हणजे विदर्भातल्या छोट्या गावांतले दुकानदार. मी लॅपटॉप उघडून सांगितलं की व्हॉट्सअॅप कॅटलॉग आणि जाहिराती नीट लावल्या तर महिन्याला 8 लाखांची विक्री वाढू शकते. म्हणजे वर्षाला 96 लाख. माझी फी 4 लाख. "फक्त चार टक्के, शेठ," असं वर ऐटीत म्हणालो.

शेठ काही बोलले नाहीत. बिलबुक उलटं केलं आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहायला लागले. 8 लाखांच्या मालावर त्यांना सुटतात 7 टक्के, म्हणजे 56 हजार. त्यातून 2 टक्के दलाली, 16 हजार गेले. उरले 40. माल जातो तीन महिन्यांच्या उधारीवर, म्हणजे कायमचे 24 लाख बाजारात अडकलेले. शेकडा 1 रुपया व्याज धरलं तरी महिन्याला 24 हजार. उरले 16 हजार. वर्षाचे झाले 1 लाख 92 हजार. पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, "म्हणजे तुमच्यासाठी वर्षभर राबून वरून दोन लाख मीच पदरचे द्यायचे?"

मी लॅपटॉप मिटला. चहा मात्र त्यांनी पाजला.

तेव्हापासून विक्रीचा आकडा मी वहीत लिहितच नाही. पहिला प्रश्न असतो, "एक ऑर्डर जास्त आली, तर तिचा सगळा खर्च जाऊन तुमच्या हातात किती राहतात?" दुकानाचं भाडं आणि पगार त्यात धरायचे नाहीत, कारण ते एक ऑर्डर वाढल्याने वाढत नाहीत. माल, मजुरी, वाहतूक, दलाली, उधारीचं व्याज हे मात्र धरायचं. ज्या धंद्यात इतकं वजा करून फार थोडं उरतं, तिथे विक्री वाढवून देण्याच्या कामाची किंमतही थोडीच असते. तुम्ही कितीही हुशार असा, ती वाढत नाही.

क्लायंटने मागितलं तेच विकलं

याच्या उलट उदाहरण मॉड्युलर किचनवाल्याचं. शोरूम वर्धा रोडवर, कारखाना हिंगण्याकडे. त्याची मागणी सरळ होती, "भाऊ, लीड वाढवून द्या, बाकीचं आम्ही पाहून घेतो." घाईतल्या माणसाने तिथेच जाहिरातींचं कोटेशन दिलं असतं. माझी सवय अशी की शंभर पानी वही घेऊन आधी दोन तास शोरूममध्ये बसायचं आणि मागच्या तीन महिन्यांचं रजिस्टर, व्हॉट्सअॅप आणि कॉल लॉग एकापुढे एक ठेवून मोजायचं. या दोन तासांचे मी पैसे घेत नाही. पण मालक स्वतः बसणार नसेल तर मीही बसत नाही.

आकडे निघाले ते असे. महिन्याला साधारण 70 चौकशा, त्यातले 20 जण शोरूमला येतात, ऑर्डरी होतात 5. म्हणजे आलेल्या चारांतला एक घेतो, हे वाईट नाही. गळती त्याच्या आधी होती. जाहिरातीतून आलेल्या नंबरांना फोन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जात होता, काहींना गेलाच नव्हता. शिवाय चौकशीत प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "अंदाजे किती लागतील?" आणि शोरूमचं ठरलेलं उत्तर, "या, बघू." माणूस का येईल?

म्हणजे लीड वाढवून काहीच हाती लागलं नसतं, उलट न केलेले फोन वाढले असते. दुसरं, मी विचारलं की कारखाना महिन्याला किती किचन काढू शकतो. उत्तर आलं, आठ. हा प्रश्न नवखे कधीच विचारत नाहीत. आठच्या वरच्या ऑर्डरीला किंमत शून्य, कारण ती वेळेवर बसवून देता येणार नाही आणि मालक शिव्या खाईल. त्यामुळे पाचाची बारा करून देण्याची भाषाच चुकीची होती. आम्ही बोललो ते पाचाची सात करण्याबद्दल.

एका किचनची सरासरी 2 लाख 40 हजार. प्लाय, हार्डवेअर, कारागीर, फिटिंग, टेम्पो जाऊन हातात 60 हजार. दोन ऑर्डरी वाढल्या तर महिन्याला 1 लाख 20 हजार. मी बाराने गुणणार, तोच मालक म्हणाला, "पहिले दोन महिने काही होत नाही, अन् पितृपक्षात कोणी किचन बुक करत नाही." मग नऊच महिने धरले, 10 लाख 80 हजार झाले. त्यातलं श्रेय किती माझं? फोन शेवटी त्याचीच पोरं करणार होती, भाव तोच ठरवणार होता. म्हणून अर्धं धरलं, 5 लाख 40 हजार. याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास फी सांगितली, 1 लाख. जाहिरातीचा खर्च त्याचा आधीचाच, तो वाढवायचा नाही हेही लिहून घेतलं.

काम काय होतं? किचनच्या आकारावरून अंदाजे किंमत दाखवणारं एक पान, चौकशी आल्यावर तासाच्या आत फोन करायची पद्धत आणि त्याची स्क्रिप्ट, न आलेल्यांना पाठवायचे चार मेसेज, आणि पोरांना दोन वेळा बसवून सराव. एकूण 45 तास गेले असतील. माझ्या जुन्या 900 रुपये तासाने ते 40 हजार 500 झाले असते. फरक आला कारण 1 लाखाच्या बाजूला 10 लाख 80 हजारांचा आकडा मालकाच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेला होता. चौथ्या महिन्यात ऑर्डरी सहा झाल्या, सहाव्यात सात. आठ कधीच झाल्या नाहीत.

टक्केवारीला व्हॅल्यू समजलं

"फी कशाला, जितकं काम येईल त्यावर टक्का घ्या." हे ऐकून नवख्याचे डोळे चमकतात. माझेही चमकले होते. घरांवर सोलर बसवणाऱ्या एकाने दर बसवणीमागे 3 हजार कबूल केले. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78 हजारांची सबसिडी, लोक विचारायला लागले होते. मी मनात गुणाकार करून टाकला.

सहा महिन्यांत 140 चौकशा काढून दिल्या. पण छताची पाहणी करणारा माणूस त्याच्याकडे एकच होता. ज्यांच्याकडे बसलं, त्यांची यादी घेऊन गेलो की प्रत्येक नावाला काहीतरी निघे. हा साडूचा मित्र, तो तर आधीच विचारून गेला होता, याचं कर्ज अजून अडकलंय. सरतेशेवटी मोजले गेले चार. हाती आले 12 हजार. त्या माणसावर माझा फार राग नाही, कारण कोणती चौकशी कोणाची हे लिहून ठेवायची अक्कल मलाच नव्हती.

परिणामावर भाव ठरवणं वेगळं आणि परिणाम आल्यावर पैसे घेणं वेगळं. दुसऱ्यात तुम्ही त्याच्या धंद्यात बिनभांडवली आणि बिनअधिकाराचे भागीदार होता. पाहणीवाला कामावर ठेवायचा का, हे तुम्हाला ठरवता येत नाही, पण त्याचा भुर्दंड तुम्हाला बसतो. आता माझी फी ठोक असते. निम्मी सुरुवातीला, 30 टक्के सगळं चालू झाल्यावर, उरलेली 20 टक्के दोन महिन्यांनी. शेवटचा हप्ता ऑर्डरींवर नाही, माझ्या हातातल्या कामांवर बांधतो: पान चालू आहे, मेसेज जातायत, पोरांचा सराव झाला.

बाकीचं थोडक्यात.

कोटेशनमध्ये तासांचा रकाना ठेवू नका. तो दिसला की क्लायंट 45 चे 30 करायला सांगतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

पहिल्याच फोनवर आकडा सांगू नका. फारच मागे लागला तर "याच्या खाली मी काम घेत नाही" एवढा किमान आकडा सांगा.

भाव सांगितल्यावर क्लायंटने "किती दिवस लागतील तुम्हाला?" विचारलं तर समजा, तो तुमचे दिवस मोजतोय. म्हणजे फायद्याचा आकडा त्याच्या डोक्यात बसलेलाच नाही. सूट देऊ नका, वहीकडे परत जा. आणि वहीतला आजचा आकडा, म्हणजे आधीच्या पाच ऑर्डरी, कोटेशनच्या पहिल्याच ओळीत लिहा. सहा महिन्यांनी प्रत्येकाला वाटतं की सात तर आपल्या आधीपासूनच होत होत्या.

आणि महिन्याला 12 पोस्टचं डिझाइन, दिवाळीची शुभेच्छापत्रं, दुकानाचं माहितीपत्रक या कामांना हे सगळं लावू नका. त्यातून किती पैसे आले हे ना तुम्ही मोजू शकता ना तो. तिथे नगावर भाव लावा, अॅडव्हान्स घ्या आणि काम देऊन मोकळे व्हा. मीही तेच करतो, महिन्याचं भाडं अजून त्यातूनच निघतं.