शिकार ते शेती : दीर्घोत्तरी प्रश्नात या चुका टाळा

‘शेतीचा शोध लागल्यामुळे माणूस एका जागी स्थिर झाला, मडकी बनवू लागला, अतिरिक्त धान्य निर्माण झाले आणि समाजात राजे व वर्ग उदयास आले.’ बारावीच्या उत्तरपत्रिका तपासताना हे वाक्य, शब्द थोडे इकडे तिकडे करून, जवळपास प्रत्येक गठ्ठ्यात सापडते. ऐकायला ते बरोबर वाटते. पण त्यातील प्रत्येक ‘म्हणून’ पुराव्याशी ताडून पाहिला, तर घटनांचा क्रमच चुकलेला दिसतो.

पहिला ‘म्हणून’ स्थिर वस्तीचा. उत्तर सीरियात युफ्रेटिस नदीकाठी अबू हुरेरा या ठिकाणी सुमारे १३,००० वर्षांपूर्वी लोक वस्ती करून राहत होते आणि त्यांचे पोट भरत होते ते हरणांच्या शिकारीवर व रानात आपोआप उगवणाऱ्या धान्यावर. त्याच जागी पुढे शेतकऱ्यांचे मोठे गाव वसले. म्हणजे इथे वस्ती आधी आली आणि शेती नंतर. त्यामुळे ‘शेतीमुळे स्थिर झाला’ असे सरसकट लिहिण्याऐवजी ‘काही प्रदेशांत स्थिर वस्ती आधीच होती, शेतीने ती टिकवली आणि वाढवली’ असे लिहावे.

‘शोध’ हा शब्दही फसवा आहे, कारण त्यातून एखाद्या पिढीने एके दिवशी बी पेरले असा भास होतो. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी असलेल्या मेहरगढचे उदाहरण इथे द्यावे; ते अभ्यासक्रमात असते, पण बहुतेक विद्यार्थी नुसते नाव लिहून पुढे जातात. तेथील वस्ती साधारणपणे इ.स.पू. ७००० च्या सुमारास सुरू झाली असे मानले जाते. कच्च्या विटांच्या मातीत धान्याचे ठसे उमटले आहेत आणि त्यांत जवाचे प्रमाण सर्वांत जास्त आहे, म्हणजे शेती होती. मात्र सर्वांत खालच्या थरांतील हाडे मुख्यतः चिंकारा आणि इतर वन्य प्राण्यांची आहेत. वरच्या थरांकडे यावे तशी शेळ्यामेंढ्यांची आणि गुराढोरांची हाडे वाढत जातात. जव पेरणारे हे लोक बराच काळ शिकारही करत होते. उत्तरात ‘संक्रमण’ हा शब्द वापरून हाडांचा हा बदल दोन वाक्यांत मांडला, तर परीक्षकाला वेगळे काही सांगावे लागत नाही.

मडक्यांचेही तसेच आहे. मेहरगढच्या पहिल्या कालखंडात घरे आहेत, शेती आहे, पण भाजलेली मडकी नाहीत. ती नंतर येतात.

खरे गुण जातात ते सामाजिक परिणामांत. ‘अतिरिक्त धान्य, म्हणून राजा’ ही उडी अनेक सहस्रकांची आहे. मधला दुवा साठवणुकीचा आहे. मेहरगढला दारे नसलेल्या लहान लहान कप्प्यांच्या इमारती सापडल्या, त्या कोठारे असाव्यात असा अंदाज आहे. रानातले कंद कुणाचेच नसतात. कोठारातल्या जवाला मात्र राखणदार लागतो, हिशेब लागतो आणि वारसही लागतो. तेथील काही दफनांत शंखाचे व नीलाश्माचे दागिने आणि बळी दिलेली करडे आढळतात, तर काहींत फारसे काही नाही. यावरून प्रतिष्ठेतील फरक म्हणता येईल, राजसत्ता नव्हे.

कष्टांची वाटणी तर बहुतेक उत्तरांत येतच नाही. अबू हुरेराच्या शेतकरी वस्तीतील सांगाड्यांत, विशेषतः स्त्रियांच्या, पायाच्या अंगठ्याचे सांधे, गुडघे आणि पाठीचे मणके झिजलेले आढळले. गुडघे टेकून, पायाची बोटे दुमडून पाट्यावर तासन्‌तास धान्य भरडल्याची ही खूण मानली जाते. ‘शेतीमुळे जीवन सुखकर झाले’ असे लिहिण्यापूर्वी हा अंगठा आठवावा.

शेवटची चूक म्हणजे हा प्रवास एकाच दिशेचा मानणे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावची वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. ती ताम्रपाषाणयुगीन असल्याने शेतीच्या आरंभासाठी तिचे उदाहरण देऊ नये. परिणामांसाठी मात्र ते चांगले आहे. तिथे पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार सापडले आणि ते गावप्रमुखाचे असावे असे उत्खननकर्त्यांनी मानले. त्याच गावाच्या अखेरच्या टप्प्यात, इ.स.पू. १००० नंतर, चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली आणि शेतीचा आधार घटून लोक पशुपालन व शिकारीकडे अधिक वळले.

आता सुरुवातीचे वाक्य असे होईल : ‘काही ठिकाणी आधीच स्थिर असलेल्या समूहांनी शिकारीबरोबर हळूहळू शेती स्वीकारली, साठवलेल्या धान्यामुळे मालकी, श्रमविभागणी आणि प्रतिष्ठेतील फरक वाढले व राज्यसंस्था त्यानंतर कितीतरी काळाने, तीही काही प्रदेशांतच, उदयास आली.’