ब्रेकिंग न्यूजचा स्क्रीनशॉट खरा की बनावट?

‘हतनूर धरणाचे सगळे दरवाजे उघडले’ असा चॅनेलचा स्क्रीनशॉट तापीकाठच्या ग्रुपवर आला, तर आधी खालची पट्टी बघा.

१. सरकती पट्टी असेल, तर खऱ्या चित्रात कडेचं अक्षर बहुधा अर्धवट कापलेलं दिसतं. बनावट चित्रात अनेकदा अख्खं वाक्य नेमकं मावतं.

२. त्याच चॅनेलचं यूट्यूबवरचं ताजं बातमीपत्र थांबवून शेजारी धरा. लोगोचा कोपरा, घड्याळाची जागा आणि ‘ळ’, ‘श’ची वळणं जुळवा. मोबाइलमधला साधा फॉन्ट इथेच उघडा पडतो.

काही चॅनेलांची पट्टी सरकत नाही, ओळ पलटते. तिथे पहिली खूण चालणार नाही. आणि सगळं जुळलं तरी चित्र मागच्या पावसाळ्यातलं असू शकतं, म्हणून तारीख शोधाच.