जाहिरात लावण्याआधी नकाशावरचं दुकान नीट करा

ठाण्यातली बरीच दुकानं दुपारी दीडला शटर ओढतात आणि साडेचारला उघडतात. गुगलवरची जाहिरात मात्र वेळ ठरवून दिली नसेल तर दिवसरात्र चालू राहते. दुपारी दोनला कोणी 'चष्म्याचं दुकान' शोधलं, जाहिरातीवर क्लिक केलं आणि दुकान बंद दिसलं, तरी त्या क्लिकचे पैसे जातातच. नकाशावर 'उघडं' दिसलं आणि माणूस तसाच चालत येऊन बंद दारापाशी पोचला, तर नुकसान आणखी मोठं.

नौपाड्यात पहिल्या मजल्यावर चष्म्याचं दुकान आहे आणि जाहिरातीचं रोजचं बजेट ३०० रुपये आहे असं धरू. पहिलं काम वेळांचं. बिझनेस प्रोफाइलमध्ये, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीत, Edit profile उघडून Hours मध्ये सकाळी १० ते दुपारी १.३० आणि संध्याकाळी ४.३० ते रात्री ९ अशा दोन वेगळ्या वेळा भरा. अनेकजण सरळ १० ते ९ भरून मोकळे होतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. गणपती, दिवाळी, लग्नानिमित्त बंद, अशा दिवसांसाठी Special hours वेगळं आहे; ते आठवडाभर आधी भरावं. दर पंधरा दिवसांनी वेळा उघडून बघाही, कारण लोकांनी सुचवलेल्या दुरुस्तीवरून गुगल त्या बदलू शकतं.

मग गुगल ॲड्समध्ये Ad schedule ला जवळपास याच वेळा द्या. दुकान बंद होण्याआधी अर्धा तास जाहिरात थांबवलेली बरी. नंबर तपासून चष्म्याची फ्रेम निवडायला तेवढा वेळ लागतोच. बजेटबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. एखाद्या दिवशी गुगल ३०० ऐवजी ६०० पर्यंत खर्च करू शकतं, पण महिन्याचा खर्च रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपलीकडे, म्हणजे ९,१२० रुपयांपलीकडे जात नाही.

आता पत्ता. नकाशावरची खूण इमारतीच्या खऱ्या दारावर आहे का ते झूम करून बघा. ठाण्यात खूण रेल्वेच्या पलीकडे कोपरीच्या बाजूला पडली, तर गिऱ्हाईक रूळ ओलांडायला पूल शोधत बसतं. नावात मात्र पाटीवर आहे तेवढंच लिहा. 'ठाण्यातील सर्वोत्तम स्वस्त चष्मे' अशी शेपटी जोडली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि मग जाहिरातीतला पत्ताही दिसेनासा होतो.

फोटोंमध्ये सगळ्यात उपयोगी फोटो दुकानाच्या आतला नसतो, बाहेरचा असतो. स्टेशनकडून चालत येणाऱ्याला जसं दिसेल तसा, पाटीसकट, दिवसाउजेडी काढलेला. दुकान पहिल्या मजल्यावर आहे, म्हणून जिन्याचा आणि खालच्या प्रवेशाचा फोटो हवाच. त्यानंतर डोळे तपासायची जागा आणि फ्रेमची मांडणी. फोटो ७२० बाय ७२० पिक्सेलपेक्षा लहान नसावा, ५ एमबीपेक्षा जड नसावा. इंटरनेटवरून उचललेले मॉडेलचे फोटो लावू नका. प्रत्यक्ष आलेल्या माणसाला फरक लगेच कळतो.

रिव्ह्यूला उत्तर देताना लक्षात ठेवा की ते तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे येणारं गिऱ्हाईक जास्त वाचतं. कोणी एक तारा देऊन लिहिलं, 'दोनदा फेरी मारली, चष्मा तयार नव्हता.' यावर वाद घालू नका, सगळ्यांना चिकटवता येईल असा ठरीव मजकूरही नको. असं लिहा: 'नमस्कार. तुम्हाला दोनदा यावं लागलं, माफ करा. प्रोग्रेसिव्ह काचा बाहेरून बनून येतात, त्याला काही दिवस लागतात, हे ऑर्डर घेतानाच सांगायला हवं होतं. आता पावतीवर तारीख लिहून देतो. दुकानात फोन करा, मी स्वतः बघतो.' यात कारण आहे, झालेला बदल आहे आणि पुढचा मार्गही आहे. गिऱ्हाइकाचा चष्म्याचा नंबर किंवा डोळ्याचा त्रास मात्र उत्तरात कधीही उघड करू नका. चांगल्या रिव्ह्यूलाही एका ओळीत उत्तर द्या. सूट देऊन रिव्ह्यू मागणं नियमात बसत नाही. काम झाल्यावर सगळ्यांना सारखंच विचारा, फक्त खूश दिसणाऱ्यांना नको.

एवढं झाल्यावर जोडणी करा. गुगल ॲड्समध्ये Assets मधून Location निवडा आणि बिझनेस प्रोफाइल जोडा. दोन्हीकडे एकच ईमेल असेल तर काम सोपं होतं. मग जाहिरातीसोबत पत्ता आणि अंतर दिसू शकतं; दरवेळी दिसेलच असं नाही. ठिकाणांच्या सेटिंगमध्ये Presence हा पर्याय घ्या, नाहीतर पुण्यात बसून ठाण्याबद्दल शोधणाऱ्यालाही जाहिरात दिसू शकते. वर्तुळ आखून अंतर देत असाल तर नकाशावर तपासा: ते सहज मुलुंडमध्ये शिरतं, मोठं केलं तर खाडीपलीकडे ऐरोलीतही. तिथून चष्म्यासाठी नौपाड्यात कोण येतं याचा अंदाज तुमच्या पावत्यांवरून येईल.

महिन्याभराने प्रोफाइलच्या Performance मध्ये फोन आणि रस्ता विचारणाऱ्यांचे आकडे बघा. त्यात जाहिरातीतून कोण आलं आणि आपणहून कोण आलं हे वेगळं कळत नाही. त्यासाठी जाहिरातीतले आकडे शेजारी ठेवा, आणि काउंटरवर प्रत्येकाला 'कसं कळलं?' एवढं विचारून वहीत नोंदवा.